पेटी कॅश किती ठेवावी आणि ती हातात कशी राखावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमधल्या छोट्या कार्यालयांचे हिशेब मी अनेक वर्षं लिहिते आहे. पलासियातला वास्तुविशारद असो, सांवेर रोडवरचा छोटा कारखाना असो की राजवाड्याजवळची जुनी पेढी, रोजच्या चिल्लर खर्चाबद्दलचे प्रश्न जवळपास तेच असतात. पुन्हापुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. आम्ही लागतील तसे पैसे काढून देतो. मग ही ‘इम्प्रेस्ट’ पद्धत वेगळी काय?

लागतील तसे दिले, की पेटीत आज किती असायला हवेत हे कोणालाच सांगता येत नाही. सोमवारी दोन हजार दिले, बुधवारी आणखी हजार, शुक्रवारी मालकांनी खिशातून पाचशे घातले. शनिवारी पेटीत सातशे निघाले, तर ते बरोबर की कमी, हे कळण्यासाठी सगळा आठवडा उलगडावा लागतो.

इम्प्रेस्टमध्ये रक्कम एकदाच ठरते आणि तेवढीच राहते. समजा ती 3,500 आहे. आठवडाभरात 2,150 खर्च झाले, तर त्याची व्हाउचरं दाखवून नेमके 2,150 परत घ्यायचे, पेटी पुन्हा 3,500. गोल आकडा म्हणून दोन हजारही नाही आणि अडीच हजारही नाही. त्यामुळे कोणत्याही क्षणी पेटी उघडली तरी हे जुळलं पाहिजे:

```
रोख + व्हाउचरं + उघड्या उचल चिठ्ठ्या = ठरलेली रक्कम
```

उघडी उचल चिठ्ठी म्हणजे कामासाठी कोणी आगाऊ नेलेल्या आणि अजून हिशेब न दिलेल्या पैशांची चिठ्ठी. पुढची सगळी उत्तरं या एका ओळीवर उभी आहेत. ती रोज जुळत असेल, तर बाकीचे नियम थोडे सैल असले तरी चालतं, हा माझा अनुभव आहे.

2. पेटीत जास्तीत जास्त किती रोख ठेवता येते? कायद्याची मर्यादा काय?

पेटी कॅश किती ठेवावी यावर खासगी व्यवसायासाठी कायद्याने मर्यादा घातलेली नाही. कायदा बघतो तो रोखीने दिलेल्या रकमेकडे; ते प्रश्न 9 मध्ये आहे. पेटीची मर्यादा तुम्हालाच ठरवून कागदावर लिहायची असते. अनेक जण ‘दहा हजार असू देत’ म्हणून मोकळे होतात. पण महिन्याचा चिल्लर खर्चच नऊ हजार असेल, तर दहा हजारांची पेटी महिनाभर भरावीच लागत नाही. भरावी लागत नाही म्हणून कोणी तपासत नाही, आणि तीन आठवड्यांपूर्वीच्या पावतीबद्दल विचारलं तर ती आठवतही नाही.

3. मग आमच्या कार्यालयाला योग्य आकडा कसा काढायचा?

आधी पेटी किती दिवसांनी भरणार ते ठरवा. मग सहा आठवड्यांचा खरा खर्च लिहून काढा. अंदाज नको, जुन्या पावत्या आणि वही घेऊन बसा. अलीकडेच चौदा माणसांच्या एका कार्यालयाचा आकडा असाच काढला. सहा आठवड्यांचा खर्च असा होता: 2,140, 1,860, 2,480, 1,990, 3,950 आणि 2,230.

3,950 लगेच डोळ्यांत भरतो. त्या आठवड्यात नळ फुटला होता आणि प्लंबरला 1,700 दिले होते. तो खर्च खरा आहे, पण दर आठवड्याचा नाही. म्हणून पेटीचा आकडा काढताना तो बाजूला ठेवला आणि त्या आठवड्याचे 2,250 धरले. आता नेहमीच्या आठवड्यांपैकी सर्वांत मोठा 2,480. सरासरी साधारण 2,160 येते, पण सरासरीवर पेटी ठेवली तर निम्म्या आठवड्यांत शुक्रवारीच ती रिकामी होईल. म्हणून मोठा आठवडा धरायचा.

त्यात दोन दिवसांची जोड द्यायची, कारण सही करणारे कधी उज्जैनला असतात, कधी बँकेला सुट्टी असते. सहा दिवसांच्या आठवड्यात 2,480 म्हणजे दिवसाला साधारण 413, दोन दिवसांचे 826. एकूण 3,306. वर घेऊन 3,500. भरण्याचा नियम असा लिहिला: दर शनिवारी, किंवा रोख 1,000 च्या खाली गेली की, जे आधी होईल ते.

त्याआधी त्या पेटीत दहा हजार पडून असायचे. साडेतीनवर आणल्यावर पहिले दोन आठवडे पेटी सांभाळणाऱ्या ताई धास्तावल्या होत्या. तिसऱ्या आठवड्यापासून त्यांनीच सांगितलं की मोजायला आता पाच मिनिटं लागतात.

4. 3,500 ची मर्यादा आहे, तर तेच आमचं महिन्याचं बजेट समजायचं का?

नाही, आणि सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. 3,500 ही एका वेळी हातात असलेली रोख. ती महिन्यात चार-पाच वेळा भरली जाते, म्हणजे मर्यादा न ओलांडताही महिन्याला पंधरा हजार सहज जाऊ शकतात. पेटीची मर्यादा चोरी आणि विसर यांना आळा घालते. खर्चाला आळा घालतं ते बजेट.

प्रश्न 3 मधल्या कार्यालयाने महिन्याला 9,400 असं बजेट बांधलं: चहा-दूध 4,200, रिक्षा-टेम्पो भाडं 1,900, स्टेशनरी-झेरॉक्स 1,300, साफसफाई 900, कुरिअर-टपाल 700 आणि इतर 400. पेटी भरताना व्हाउचरं या सहा गठ्ठ्यांत लावायची आणि प्रत्येक गठ्ठ्याची बेरीज महिन्याच्या आकड्यातून वजा करून उरलेली रक्कम पाकिटावर लिहायची. ‘भाडं : उरले 640’ असं पाकिटावर दिसलं, की महिन्याच्या वीस तारखेलाच कळतं की पुढचे दहा दिवस दोन फेऱ्या एकत्र कराव्या लागतील.

‘इतर’ मुद्दाम लहान ठेवा. तो गठ्ठा फुगायला लागला म्हणजे एखाद्या खर्चाला स्वतःचं नाव हवं आहे, किंवा कोणीतरी नाव द्यायचं टाळतं आहे.

5. पेटी गुरुवारीच संपते. मर्यादा वाढवू का?

लगेच वाढवू नका. आधी पेटीतून असं काय जातं आहे, जे तिथून जायलाच नको, ते पाहा. बहुतेक ठिकाणी उत्तर दूध निघतं. वरच्याच कार्यालयात रोज दोन लिटर दूध यायचं, दिवसाला सुमारे 120 रुपये, महिन्याला 3,120. रोज तेच दूध, तोच दूधवाला, आणि रोज एक व्हाउचर. दूधवाल्याचं महिन्याचं खातं लावलं आणि एक तारखेला बँकेतून पैसे दिले. सव्वीस व्हाउचरांच्या जागी एक बिल आलं, आणि पेटीतून आठवड्याला 720 कमी जाऊ लागले.

मग प्रश्न 3 चं गणित पुन्हा केलं. मोठा आठवडा 1,760, दोन दिवसांची जोड 587, एकूण 2,347. पेटी 3,500 वरून 2,500 वर आली. सियागंजच्या घाऊक दुकानातून येणारी साखर आणि चहापत्तीही अशीच महिन्याच्या बिलावर आणता येते. बजेट मात्र 9,400 च राहिलं, कारण दूध पिणं थांबलं नाही, फक्त वाट बदलली. पाकिटावरच्या चहा-दुधातून दूधवाल्याचं बिलही वजा करायला विसरू नका.

असं सगळं हलवल्यावरही तीन-चार आठवडे सलग पेटी लवकर संपत असेल, तर मर्यादा खरंच लहान आहे. तेव्हा वाढवा, पण नवा आकडा तारीख घालून लेखी.

6. एका व्हाउचरवर किती रक्कम चालवावी? मोठा खर्च दोन व्हाउचरांत दाखवला तर?

एवढ्या आकाराच्या कार्यालयाला एका खर्चासाठी 500 पुरतात. त्यापुढे आधी मालकांची किंवा व्यवस्थापकांची सही, आणि हजाराच्या पुढे पेटीतून नाहीच, सरळ बँकेतून. प्लंबरचे ते 1,700 खरं तर पेटीतून जायला नको होते.

दोन व्हाउचरांत तोडणं ओळखायला सोपं असतं. एकच दुकान, एकच किंवा लागून आलेल्या तारखा, आणि दोन्ही रकमा मर्यादेच्या जरा खाली, म्हणजे 480 आणि 470. हे दर वेळी लबाडीचं नसतं. सही करणारा जागेवर नसतो आणि काम अडलेलं असतं, म्हणून पेटी सांभाळणारा स्वतःवर जोखीम घेतो. म्हणून रागावण्याआधी दुसरी सही कोण करू शकेल ते ठरवून ठेवा. फक्त एक पाळा: पेटी ज्याच्या हातात, त्याची मंजुरीची सही नको.

7. रिक्षावाला, हमाल, चहाची टपरी बिल देत नाहीत. काय लावायचं?

आपलंच व्हाउचर पुरतं, पण ते बोललं पाहिजे. ‘रिक्षा 90’ म्हणजे काहीच नाही. ‘12 तारीख, कार्यालय ते खजुरी बाजार, फाइलींचे दोन गठ्ठे आणले, रिक्षा 90, कोण गेलं त्याची सही’ असं असेल, तर सहा महिन्यांनीही त्याचा अर्थ लागतो. टेम्पो असेल तर गाडीचा क्रमांक लिहा. हमालाची सही किंवा अंगठा घ्या. कोणालाही एकरकमी 5,000 च्या वर रोख दिली, तर पावतीवर एक रुपयाचं महसूल तिकीट लागतं. पण तुमच्या पेटीतून पाच हजार जात असतील, तर आधी प्रश्न 6 पुन्हा वाचा.

जीएसटीखाली नोंदणी असलेल्या दुकानदारालाही 200 रुपयांपेक्षा कमी विक्रीवर, घेणारा नोंदणीकृत नसेल आणि त्याने बिल मागितलं नसेल, तर वेगळं बिल देणं बंधनकारक नसतं. म्हणजे चाळीस रुपयांच्या पेनांचं बिल हवं असेल तर मागावं लागेल. मागा, आणि ते कार्यालयाच्या नावाने घ्या.

8. मोजणीत थोडे पैसे कमी येतात. शोधायचे कुठे?

आधी प्रश्न 1 मधली ओळ भरा. एका शनिवारची मोजणी अशी होती: पाचशेची एक, शंभरच्या चार, पन्नासच्या तीन, विसाच्या सहा, दहाच्या सात आणि नाणी 32. एकूण रोख 1,272. व्हाउचरं 1,842. कुरिअरला गेलेल्या मुलाची उघडी उचल चिठ्ठी 350. बेरीज 3,464, हव्यात 3,500. कमी 36.

फरकाला नऊने भागून पाहा. पूर्ण भाग जात असेल, तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता मोठी. 36 ला नऊने भाग जातो. व्हाउचरं चाळली तर कुरिअरची पावती 84 ची आणि व्हाउचर 48 चं निघालं. दुरुस्त केलं, 36 सापडले. भाग जात नसेल, तर तेवढ्याच रकमेची पावती व्हाउचराविना पडली आहे का ते बघा. मग टपरीवर सुटे नसल्याने सोडलेले दोन-पाच रुपये आठवा.

तरीही नाही सापडलं, तर खिशातून घालून जुळवू नका. ‘रोख तफावत’ नावाचं खातं उघडा आणि कमी असो वा जास्त, तिथे लिहा. जास्त निघालेले पैसे बाजूला डब्यात ठेवून पुढच्या तुटीला वापरायची सवय मी पाहिली आहे. ती सर्वांत घातक, कारण मग मोजणी कायम जुळते आणि चूक कधीच दिसत नाही. दोन-चार रुपयांची तफावत अधूनमधून येणारच. दर आठवड्याला एकाच बाजूला येत असेल, तर न सांगता मधल्या एखाद्या दिवशी मोजा.

9. दहा हजारांचा नियम पेटी कॅशला लागतो का?

लागतो, आणि तो पेटीपुरता वेगळा मोजला जात नाही. एका व्यक्तीला एका दिवसात 10,000 च्या वर रोख दिली, तर तो खर्च आयकरात वजावटीला धरला जात नाही. 1961 च्या कायद्यात हे कलम 40A(3) आहे. आधी ही मर्यादा 20,000 होती, 2017 च्या वित्त कायद्याने ती निम्मी झाली. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमाचा क्रमांक बदलला, मर्यादा तीच आहे. मालवाहतूकदाराला मात्र 35,000 पर्यंत चालतं.

घोटाळा असा होतो. हार्डवेअरच्या दुकानाला सकाळी पेटीतून 900 दिले आणि दुपारी मुख्य रोकडीतून 9,500. दोन वह्या, दोन माणसं, दोघांनाही आपापला आकडा लहान वाटतो. पण दुकान एक, दिवस एक, बेरीज 10,400. वरचे चारशेच नाहीत, तर पूर्ण 10,400 नाकारले जातात. म्हणून रोज संध्याकाळी पेटीची व्हाउचरं मुख्य रोकड वहीशेजारी ठेवून नावं जुळवा. नेमके 10,000 असतील तर अडचण नाही. नियम त्याच्या वरच्या रकमेला आहे.

10. आता सगळं यूपीआयने होतं. मग पेटी लागतेच कशाला?

बरीच कमी लागते, पण हिशेब अवघड होतो, कारण पैसे बहुधा कोणाच्या तरी स्वतःच्या फोनवरून जातात. मग खरेदीला गेलेला मुलगा फोनवरचा स्क्रीनशॉट पाठवतो, पैसे मिळतात. चार दिवसांनी त्याच खरेदीचं छापील बिल टेबलावर येतं आणि पुन्हा पैसे दिले जातात. कोणाचीच लबाडी नसते, कागद दोन असतात. उपाय सोपा: व्हाउचरवर व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक लिहा, आणि स्क्रीनशॉट नव्हे, बिलच मूळ कागद धरा.

शक्य असेल तर पेटीसाठी वेगळं बँक खातं ठेवा आणि त्यात फक्त ठरलेल्या रकमेचा काही भाग ठेवा. 2,500 च्या पेटीत 1,000 रोख आणि 1,500 खात्यात, असं. मोजताना रोखीत ती शिल्लक मिळवा, मग प्रश्न 1 च्या ओळीची बेरीज 2,500 यायला हवी. मालकांच्या वैयक्तिक खात्यावरून खर्च चालवला, तर मर्यादा नावालाच उरते.

11. चिल्लर बिलांवर जीएसटीचा परतावा घ्यावा का?

जिथे मिळतो तिथे घ्या. कार्यालयाचं नाव आणि जीएसटी क्रमांक असलेलं टोनरचं 1,180 चं बिल असेल, तर त्यात 180 कर आहे, आणि तो तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होऊ शकतो. नुसत्या ‘रोख विक्री’च्या बिलावर तो बुडतो. चहा-नाश्त्यावरचा कर सहसा वजा होत नाही, तो कायद्यातच अडवलेला आहे. कंपोझिशन योजनेतला, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणारा दुकानदार बिलावर कर दाखवूच शकत नाही, तेव्हा त्याच्याकडे आग्रह धरू नका.

12. ‘पाचशे द्या, पगारात कापा’ असं कोणी मागितलं तर?

पेटीतून नाही. कामासाठीची उचल वेगळी: चिठ्ठीवर रक्कम, काम, सही, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत हिशेब. ती चिठ्ठी प्रश्न 1 च्या ओळीत धरली जाते. घरच्या गरजेची उचल मालकांनी मुख्य खात्यातून द्यावी. पेटी सांभाळणाऱ्या माणसाला सहकाऱ्याला नाही म्हणणं फार जड जातं. नियम भिंतीवर लिहिलेला असेल, तर ते ओझं त्याच्यावर राहत नाही.

13. दिवाळी आणि रंगपंचमीला काय करता?

रंगपंचमीला गेर ही रंगांची मिरवणूक निघते, राजवाड्याकडे जाणं-येणं थांबतं आणि बरीच कार्यालयं बंद असतात. तो आठवडा असेल तर पेटी आदल्या दिवशी भरून घ्या. दिवाळीला खर्च खरोखर वाढतो. पोस्टमन, सफाई कामगार, चौकीदार यांच्या बक्षिसीची नाव-रकमेची यादी आधी मंजूर करून घ्या, ती रक्कम वेगळ्या पाकिटात ठेवा आणि वाटून झाल्यावर उरलेली बँकेत भरा. नेहमीच्या पेटीत ती मिसळू नका. एकदा ‘दिवाळीपुरती’ 8,000 केलेली पेटी पुढच्या दिवाळीपर्यंत तशीच राहिलेली मी पाहिली आहे.

14. 31 मार्चला पेटी भरली नाही तर चालतं का?

पेटी भरली नाही तरी चालेल, पण व्हाउचरं त्या वर्षात लिहिलीच पाहिजेत. टॅलीत पेटीचं वेगळं रोख खातं असतं. तिच्यातला खर्च पेमेंटमध्ये (F5) आणि बँकेतून भरलेली रक्कम कॉन्ट्रात (F4) येते. पुष्कळ जण पेटी भरतानाच सगळा खर्च चढवतात. मग पेटी शेवटची 28 मार्चला भरली असेल, तर त्यानंतरची व्हाउचरं एप्रिलमध्ये जातात: ताळेबंदात पेटी 3,500 दिसते, खरी रोख 1,272 असते आणि खर्च चुकीच्या वर्षात पडतो. त्या संध्याकाळी मोजा, प्रश्न 8 सारखा तपशील कागदावर लिहा, दोघांच्या सह्या घ्या आणि उघडी उचल चिठ्ठी असेल तर ती त्या माणसाच्या नावे येणं म्हणून दाखवा. लेखापरीक्षक नेमका हाच कागद मागतात.